पोर्टमँटो शब्द

पोर्टमँटो शब्द म्हणजे दोन शब्दांचे तुकडे सांधून आणि त्याबरोबरच त्यांचे अर्थही एकत्र आणून घडवलेला नवा शब्द होय. इंग्रजीतील 'ब्रेकफास्ट' (न्याहारी) आणि 'लंच' (दुपारचे जेवण) यांपासून झालेला 'ब्रंच', तसेच 'स्मोक' (धूर) आणि 'फॉग' (धुके) यांपासून झालेला 'स्मॉग' ही या प्रकाराची सर्वाधिक परिचित उदाहरणे आहेत. अशा शब्दात मूळ शब्दांपैकी निदान एक तरी तुटलेल्या रूपात असतो आणि तो कोठे तोडावा याचा निश्चित नियम नसतो. त्यामुळे घडण ठाऊक नसलेल्या वाचकास पोर्टमँटो शब्द हा एकसंध, मूळचाच शब्द वाटू शकतो. या संज्ञेस मराठीत सर्वमान्य झालेला एकच प्रतिशब्द नाही. 'मिश्र शब्द' किंवा 'संकरित शब्द' असे म्हणावे, तर त्या नावांनी दोन भिन्न भाषांतील घटक असलेले शब्दही ओळखले जातात. म्हणून या लेखात मूळ संज्ञाच वापरली आहे.

## समास व संधी यांपासून वेगळेपण

मराठी व्याकरणाच्या अभ्यासकास पोर्टमँटो शब्द प्रथमदर्शनी सामासिक शब्दासारखा भासतो. दोहोंतील फरक मूळ पदांचे काय होते यात आहे. 'वडापाव' या सामासिक शब्दात 'वडा' आणि 'पाव' ही दोन्ही पदे अखंड आहेत. 'पुरणपोळी'सारख्या मध्यमपदलोपी समासात विग्रहातील 'घालून केलेली' हे शब्द गळतात खरे, परंतु ते संपूर्ण गळतात. उरलेली पदे मात्र शाबूत राहतात. 'घोडदौड' या शब्दात 'घोडा'चे 'घोड' होते, तरी हे रूप 'घोडदळ', 'घोडेस्वार' अशा शब्दांच्या परिवारातील असल्याने वाचकास अनोळखी नसते.

संधीमध्येही मूळ शब्दांच्या रूपात बदल होतो, पण तो नियमबद्ध असतो. 'दिन' आणि 'अंक' मिळून 'दिनांक' होताना अ व अ यांचा आ होतो. नियम ठाऊक असेल तर उलट दिशेने जाऊन दोन्ही पदे पुन्हा मिळवता येतात. 'ब्रंच'मधून असे काही मिळवता येत नाही. त्यातील 'ब्र' हा 'ब्रेकफास्ट'चा आहे, 'ब्रेड'चा नव्हे, हे शब्दाच्या रूपावरून सिद्ध होत नाही. ते इतिहासावरून किंवा संदर्भावरूनच कळते. समास उलगडता येतो, पोर्टमँटो शब्दाची मात्र माहिती असावी लागते, असे या भेदाचे स्थूल स्वरूप आहे.

## संज्ञेचा उगम

'पोर्टमँटो' हा शब्द मूळ फ्रेंच आहे. 'पोर्ते' म्हणजे वाहून नेणे आणि 'मांतो' म्हणजे झगा किंवा अंगरखा. आरंभी फ्रान्समध्ये राजाचा झगा वाहून नेणाऱ्या सेवकास हे नाव होते. पुढे ते कपडे ठेवण्याच्या प्रवासी पेटीस मिळाले. इंग्रजीत हा शब्द पेटी याच अर्थाने रुजला. एकोणिसाव्या शतकातील पोर्टमँटो ही चामड्याची, मध्ये बिजागरी असलेली आणि पुस्तकासारखी दोन समान भागांत उघडणारी पेटी असे.

या पेटीचे नाव शब्दास देण्याचे श्रेय लुईस कॅरल या टोपणनावाने लिहिणारे ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स लटविज डॉजसन यांचे आहे. त्यांच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ॲलिसला 'जॅबरवॉकी' नावाची एक दुर्बोध कविता वाचावयास मिळते. तिच्यातील अपरिचित शब्दांचा अर्थ हम्प्टी डम्प्टी हे अंड्याच्या आकाराचे पात्र तिला समजावून सांगते. 'स्लायदी' हा शब्द 'लाइद' (लवचीक) आणि 'स्लायमी' (बुळबुळीत) या दोन शब्दांचा मिळून झाला असून तो दोन कप्प्यांच्या पेटीसारखा आहे, कारण एकाच शब्दात दोन अर्थ भरले आहेत, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. कॅरल यांनी या कवितेचे पहिले कडवे १८५५ मध्येच कुटुंबीयांसाठीच्या एका हस्तलिखितात लिहिले होते आणि या शब्दाची फोड तेथेही दिली होती. पेटीची उपमा मात्र पुस्तकात आली.

'द हंटिंग ऑफ द स्नार्क' (१८७६) या पुढील काव्याच्या प्रस्तावनेत त्यांनी हे शब्द कसे सुचतात याचेही अर्धवट थट्टेचे स्पष्टीकरण दिले. 'फ्यूमिंग' (धुमसणारा) आणि 'फ्युरिअस' (संतप्त) हे दोन्ही शब्द एकाच वेळी उच्चारण्याची इच्छा झाली आणि मनाचा कल कोणत्याच बाजूस किंचितही झुकला नाही, तर तोंडातून 'फ्रूमिअस' बाहेर पडेल, असे ते सुचवतात. बोलताना जीभ अडखळून दोन समानार्थी शब्दांची सरमिसळ होणे हा सर्वांच्या अनुभवाचा प्रकार आहे. कॅरल यांनी त्याच चुकीला युक्तीचे रूप दिले.

कॅरल यांनी बनवलेले बहुतेक शब्द त्या पुस्तकांतच राहिले. 'चॉर्टल' हा शब्द मात्र इंग्रजीत कायमचा वापरात आला. 'चकल' (मनाशी हसणे) या शब्दाच्या पोटात 'स्नॉर्ट' (नाकाने फुरफुरणे) या शब्दाचा मधला भाग घातल्याने तो झाला असे मानतात. स्वतः फ्रेंच भाषेत 'पोर्तमांतो' म्हणजे आता कपडे अडकवण्याची खुंटी किंवा हँगर होय. अशा शब्दांना फ्रेंचमध्ये 'मो-व्हालीझ', म्हणजे 'पेटी-शब्द', म्हणतात. फ्रेंच वाटणारी इंग्रजी संज्ञा फ्रेंच लोकांना अशी पुन्हा भाषांतरित करून घ्यावी लागली.

नाव नवे असले तरी प्रकार जुना आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षास सोयीच्या मतदारसंघ-रचनेस संमती दिली. त्यांतील एका मतदारसंघाचा वेडावाकडा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याप्रमाणे होता, म्हणून 'गेरी' आणि 'सॅलमँडर' मिळून 'गेरीमँडर' हा शब्द वृत्तपत्रात अवतरला. मतदारसंघांच्या सीमा पक्षीय लाभासाठी वाकवण्यास आजही जगभर 'गेरीमँडरिंग' म्हणतात.

## ब्रंच

'ब्रंच' या शब्दाचा पहिला ज्ञात छापील पुरस्कार १८९५ सालचा आहे. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात एक लेख लिहून रविवारी सकाळची न्याहारी आणि दुपारचे जड जेवण यांऐवजी उशिरा घ्यावयाचे एकच हलके भोजन असावे अशी मागणी केली. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या मंडळींना रविवारी लवकर उठावे लागू नये, हा त्यामागील एक उघड हेतू होता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९६ मध्ये, 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने या शब्दाची दखल घेतली आणि एक भेद नोंदवला. दोन भोजनांचे हे एकत्रीकरण न्याहारीच्या वेळेच्या जवळ असेल तर 'ब्रंच' आणि दुपारच्या जेवणाच्या जवळ असेल तर 'ब्लंच' असे म्हणावे, अशी ही विभागणी होती. शब्दांची घडणही या भेदास अनुरूप आहे. 'ब्रंच'मध्ये 'ब्रेकफास्ट'चे 'ब्र' हे जोडाक्षर येते आणि 'लंच'मधील 'ल' गळतो. 'ब्लंच'मध्ये 'ब्रेकफास्ट'चा केवळ एक व्यंजनध्वनी उरतो आणि 'लंच' अखंड राहतो. जेवण ज्या बाजूस झुकेल, त्या बाजूच्या शब्दाचा वाटा मोठा. ही सूक्ष्मता व्यवहारात टिकली नाही. 'ब्लंच' विस्मरणात गेला आणि दोन्ही वेळांसाठी 'ब्रंच' उरला.

## स्मॉग

'स्मॉग' या शब्दाचा इतिहास पोर्टमँटो शब्दाचे एक महत्त्वाचे लक्षण दाखवतो, ते म्हणजे घटक शब्द झाकले गेल्याने त्याचा अर्थ त्यांच्यापासून दूर जाऊ शकतो.

हा शब्द प्रचारात आणण्याचे श्रेय सामान्यतः डॉ. हेन्री डे व्हो यांना दिले जाते. दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध चळवळ करणाऱ्या लंडनमधील एका संस्थेचे ते पदाधिकारी होते. जुलै १९०५ मध्ये सार्वजनिक आरोग्यविषयक परिषदेत त्यांनी धुके आणि धूर या विषयावर निबंध वाचला. मोठ्या शहरांत आढळणारे आणि खेड्यांत न आढळणारे धूरमिश्रित धुके 'स्मॉग' या नावाने ओळखले जाते, असे त्यांनी म्हटल्याचे वृत्त तेव्हा छापून आले. या शब्दाचे त्याआधीचे तुरळक छापील वापरही सापडले आहेत. त्यामुळे डे व्हो यांना शब्दाचे जनक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक योग्य ठरते. पोर्टमँटो शब्दांच्या बाबतीत असे वारंवार घडते. 'स्मोक' आणि 'फॉग' ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत, अशा अनेकांना ते जोडण्याची कल्पना स्वतंत्रपणे सुचू शकते.

लंडनमध्ये हा शब्द शब्दशः खरा होता. हिवाळ्यात घरोघरच्या शेगड्यांत कोळसा जळे. वारा पडलेला असताना जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला, की धूर वर जाण्यास वाव राहत नसे. पाण्याचे सूक्ष्म थेंब, काजळी आणि सल्फर डायऑक्साइड यांचे पिवळसर, आम्लयुक्त मिश्रण रस्त्यांवर साचून राही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत असेच धुरके लंडनवर ठाण मांडून बसले. सरकारी अंदाजानुसार तेव्हा सुमारे ४,००० अधिक मृत्यू झाले. नंतरच्या संशोधनात हा आकडा १२,००० पर्यंत असावा असे मांडले गेले. या आपत्तीनंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि धूरविरहित इंधनाचे विभाग ठरवण्यात आले.

दरम्यान हाच शब्द अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात वेगळ्याच गोष्टीस लागू झाला होता. तेथे १९४३ च्या उन्हाळ्यापासून डोळ्यांची जळजळ करणारा तपकिरी थर शहरावर दिसू लागला. त्याला 'स्मॉग' म्हणत असल्यामुळे, त्याच्या नावातच असलेला धूर कोठून येतो याचा शोध कारखान्यांच्या धुराड्यांकडे आणि कचऱ्याच्या भट्ट्यांकडे वळणे स्वाभाविक होते. आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी निराळे कारण दाखवून दिले. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन आणि अन्य त्रासदायक द्रव्ये तयार होत होती. म्हणजे या थरात पाण्याचे धुके नव्हते, आणि नेहमीच्या अर्थाचा धूरही त्याचे मुख्य कारण नव्हता. लंडनचे धुरके थंडीतील, ओलसर आणि पहाटे दाट असे. लॉस एंजेलिसचे उन्हाळ्यातील, कोरडे आणि भर दुपारी तीव्र.

तरीही नाव बदलले नाही. दुसऱ्या प्रकारास 'प्रकाशरासायनिक' हे विशेषण लागले आणि 'स्मॉग'चा अर्थ 'शहरावर साचलेली दूषित हवा' असा विस्तारला. हाच शब्द 'धूर-धुके' असा उघड जोडशब्द असता, तर त्यातील विसंगती पदोपदी जाणवली असती. पुढे हवाई बेटांवरील ज्वालामुखीच्या वायूंपासून होणाऱ्या धूसर थरासाठी 'व्हॉल्कॅनिक' आणि 'स्मॉग' मिळून 'व्हॉग' हा शब्द झाला. पोर्टमँटो शब्दाचाच तुकडा घेऊन झालेला हा दुसऱ्या पिढीचा पोर्टमँटो होय. त्यात 'स्मोक'चा लवलेशही उरलेला नाही.

## घडण

सर्वांत प्रचलित घडण म्हणजे पहिल्या शब्दाचा आरंभ आणि दुसऱ्या शब्दाचा शेवट. एकावयवी इंग्रजी शब्दांत हा छेद बहुधा अवयवाच्या आरंभीची व्यंजने आणि त्यानंतरचा स्वर यांच्या मध्ये पडतो: 'स्म्' + 'ऑग', 'ब्र्' + 'अंच'. देवनागरीत हा छेद दाखवावयाचा तर अक्षराचा पाय मोडावा लागतो, कारण देवनागरी अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्रच लिहिले जातात.

दोन शब्दांत एखादा ध्वनी समान असेल, तर सांधा आणखी बेमालूम होतो. 'मोटर' आणि 'हॉटेल' या दोहोंत मध्ये ट आहे. तो सामाईक ठेवून 'मोटेल' झाला. मोटारीने प्रवास करणाऱ्यांसाठीच्या मुक्कामाच्या जागेस हे नाव १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे देण्यात आले. एक शब्द दुसऱ्याच्या पोटात शिरण्याचा 'चॉर्टल'सारखा प्रकार त्या मानाने विरळा आहे.

अर्थाच्या दृष्टीने पाहता मराठीतील समासांची विभागणी येथे उपयोगी पडते. 'ब्रंच'मध्ये न्याहारी आणि जेवण यांना सारखेच महत्त्व आहे, म्हणून तो द्वंद्व समासाच्या जवळ जातो. टांगानिका आणि झांझिबार यांच्या १९६४ मधील एकीकरणानंतरचे 'टांझानिया' हे देशनामही तसेच. याउलट 'मोटेल' हे एक प्रकारचे हॉटेलच आहे. 'मोटर' केवळ त्याचे वैशिष्ट्य सांगते, म्हणून त्याची जवळीक तत्पुरुषाशी आहे.

## तुकड्याचा प्रत्यय होणे

एकाच शब्दाचा शेवट अनेक पोर्टमँटो शब्दांत येऊ लागला, की तो तुकडा प्रत्ययासारखा वागू लागतो. 'हॉलिवूड' हे मूळ ठिकाणाचे नाव. त्यावरून कोलकात्यातील टॉलीगंज येथील चित्रपटसृष्टीस १९३० च्या दशकात 'टॉलिवूड' म्हटले गेले. 'बॉम्बे'वरून 'बॉलिवूड' त्यानंतर प्रचारात आला. आता '-वूड' जोडला की चित्रपटसृष्टी हा अर्थ आपोआप मिळतो, जरी 'वूड' म्हणजे केवळ वनराई. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, तरी 'बॉलिवूड'मधला 'ब' तसाच राहिला. 'मॉलिवूड' हे नाव तर मल्याळम चित्रपटसृष्टीने घेतले.

'बर्गर'ची कथा याहून गमतीची आहे. 'हॅम्बर्गर' हा शब्द जर्मनीतील हँबुर्ग शहराच्या नावावरून आला. त्यात 'हॅम' म्हणजे डुकराचे मांस आणि 'बर्गर' असे दोन भाग मुळी नव्हतेच. लोकांनी ते मानले, आणि त्यातून 'चीजबर्गर' व स्वतंत्र 'बर्गर' हे शब्द जन्मले.

## सीमारेषा आणि चुकीच्या व्युत्पत्ती

कोणत्या शब्दांना पोर्टमँटो म्हणावे याविषयी भाषाभ्यासकांत पूर्ण एकमत नाही. 'सिच्युएशन' आणि 'कॉमेडी' यांपासून झालेल्या 'सिटकॉम'मध्ये दोन्ही शब्दांचे आरंभ घेतले आहेत. काही जण यास वेगळ्या वर्गात, म्हणजे छाटलेल्या पदांचा समास या वर्गात ठेवतात. संगणकशास्त्रातील 'बिट' हा 'बायनरी डिजिट' या शब्दांपासून जॉन टुकी यांनी केलेला शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधातून प्रसिद्धीस आला. त्याला पोर्टमँटो म्हणावे की संक्षेप, हाही असाच वादाचा प्रश्न आहे. शब्दांची केवळ आद्याक्षरे घेऊन झालेले संक्षेप मात्र या प्रकारात मोडत नाहीत.

व्यवहारात अधिक घोटाळा होतो तो लोकव्युत्पत्तीमुळे. पोर्टमँटो शब्दाचे घटक झाकलेले असल्याने कोणत्याही एकसंध शब्दात दोन शब्द 'शोधता' येतात. 'हिस्टरी' म्हणजे 'हिज' आणि 'स्टोरी', ही फोड प्रसिद्ध आहे आणि चुकीची आहे. तो शब्द 'चौकशी', 'शोध' या अर्थाच्या ग्रीक 'हिस्तोरिया'पासून लॅटिनमार्गे आला असून इंग्रजीतील 'हिज' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. अशी फोड तपासताना दोन प्रश्न निर्णायक ठरतात: मानलेले दोन्ही शब्द त्या काळी त्या भाषेत होते काय, आणि शब्दाचे त्याहून जुने रूप दुसऱ्या भाषेत सापडते काय. 'ब्रंच' ही परीक्षा उत्तीर्ण होतो, कारण १८९५ पूर्वी 'ब्रेकफास्ट' व 'लंच' दोन्ही रूढ होते आणि शब्द नवा असल्याचे समकालीनांनीच नोंदवले आहे. 'हिस्टरी' दुसऱ्याच प्रश्नास अडखळतो.

## भाषाविज्ञानातील दुसरा अर्थ

भाषाविज्ञानात ही संज्ञा आणखी एका अर्थाने येते. दोन व्याकरणिक घटकांचे काम एकाच अविभाज्य रूपाने होत असेल, तर अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स हॉकेट यांनी १९४७ मध्ये रूढ केल्याप्रमाणे त्यास पोर्टमँटो रूप म्हणतात. फ्रेंचमधील 'आ' हे अव्यय आणि 'ल' हे उपपद एकत्र आले की 'ओ' हे एकच रूप होते, हे त्याचे ठरलेले उदाहरण. मराठीत 'तो येथे आहे' याचा निषेध 'तो येथे नाही' असा होतो. 'नाही' हे एकच रूप निषेध आणि 'आहे' ही क्रिया या दोहोंचे काम करते. हा व्याकरणाचा भाग असून कोणी हेतुपूर्वक केलेली शब्दनिर्मिती नव्हे, म्हणून 'ब्रंच'सारख्या शब्दांशी त्याची गल्लत करू नये.

## मराठीत

मराठीत नवा शब्द घडवताना ओढा समासाकडे आणि संस्कृत पदांकडे राहिला आहे. विनायक दामोदर सावरकर यांच्या नावे सांगितले जाणारे 'दिनांक', 'महापौर', 'चित्रपट' हे शब्द याच पद्धतीचे आहेत. पदे तोडून शब्द जुळवण्याची रीत त्यामुळे फारशी रुजली नाही. 'हिंग्लिश'च्या धर्तीवर झालेला 'मिंग्लिश' हा शब्द आढळतो. त्यात 'मराठी'चा केवळ 'म' उरला आहे आणि उरलेला सर्व शब्द इंग्रजीकडील, हे तो ज्या प्रकारच्या बोलण्यासाठी वापरतात त्यास साजेसेच म्हणावे लागेल.

मराठीतील सर्वांत यशस्वी उदाहरण 'स्मॉग'साठीच योजलेले 'धुरके' हे आहे. 'धूर' आणि 'धुके' या दोन्ही शब्दांच्या आरंभी ध आणि उकार असल्याने सांधा सहज बसतो: पहिल्याचे 'धुर' आणि दुसऱ्याचे 'के'. 'धूर'मधील दीर्घ ऊकार 'धुराचा', 'धुरात' या रूपांप्रमाणेच येथेही ऱ्हस्व होतो, आणि 'धुरकट' हे जुने विशेषण भाषेत असल्याने शब्द कानास परका वाटत नाही. त्याचे व्याकरण शेवटच्या घटकाप्रमाणे चालते. 'धूर' पुल्लिंगी आहे, 'धुके' नपुंसकलिंगी. म्हणून 'दाट धुरके पसरले' असे म्हणतात आणि 'धुक्यात', 'धुक्यामुळे' याप्रमाणे 'धुरक्यात', 'धुरक्यामुळे' ही रूपे होतात. हिवाळ्यात दिल्ली व परिसरातील प्रदूषणाच्या बातम्यांत मराठी वृत्तपत्रे हा शब्द वापरतात.